आहेरातली गाण्यांची चिठ्ठी

लग्नाच्या आहेरात पैशाचं पाकीट किंवा भांडं दिलं, की देणाऱ्याचं काम संपतं. भाचीच्या लग्नात आम्ही भेट म्हणून छोटा स्पीकर दिला, तेव्हा त्याच्या खोक्यात एक चिठ्ठीही घातली. पहिल्या वर्षात कोणतं गाणं केव्हा ऐकावं आणि का, ते तीत लिहिलं होतं. गाणी मोजकीच निवडली होती. एरवी अशी यादी भराभर प्रेमगीतांनी भरते, आणि मग प्रत्येकासमोर ‘सुंदर गाणं’ यापलीकडे कारण लिहायला काही उरत नाही. त्यामुळे आम्ही आधी वर्षातले प्रसंग ठरवले आणि मग गाणी शोधली. मराठी घरात नव्या नवरीचं पहिलं वर्ष सणांनीच आखलेलं असतं, म्हणून हे काम अवघड गेलं नाही.

लग्न वैशाखातलं, त्यामुळे पहिला मोठा प्रसंग श्रावणातली मंगळागौर. तिथे ‘श्रावणात घन निळा’ लिहिलं. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज लता मंगेशकरांचा. या गाण्याचा महिना श्रावण, हे तर कुणीही सांगेल. आम्ही कारण लिहिलं ते चालीचं. खळ्यांनी यातल्या अंतऱ्यांना वेगवेगळ्या चाली दिल्या आहेत. दर वेळी गाणं नव्याच वाटेने निघतं आणि तरी अलगद मुखड्यावर येतं. ‘जागरण करून, फुगड्या घालून दमलात की दुसऱ्या दिवशी निवांत ऐका, आणि प्रत्येक अंतरा मुखड्याकडे कसा वळतो तिकडे लक्ष द्या,’ एवढंच लिहिलं. सासरी-माहेरी ये-जा करणाऱ्या मुलीला त्यातलं बाकीचं आपोआप कळतं.

दिवाळसणाला जावई सासुरवाडीला येतो आणि अभ्यंगस्नानासाठी त्याला पहाटे उठवावं लागतं. तिथे ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी आली. होनाजी बाळाची ही रचना 1951च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटातून, वसंत देसाईंच्या संगीतात घरोघर पोहोचली. या भूपाळीत देवाला जागवतानाच अवतीभवतीची सारी सकाळ जागी होते, माणसं आपापल्या कामाला लागतात. ‘जावईबापूंना याच गाण्याने उठवा,’ असं आम्ही लिहिलं.

आमचे हे जावई लखनौचे, मराठी शिकू पाहणारे. त्यांच्यासाठी ‘शुक्रतारा’ घातलं. पाडगावकर आणि खळे यांचंच हेही गाणं. ते गाणारे अरुण दाते इंदूरचे, पेशाने वस्त्रोद्योगातले इंजिनिअर. सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा हिंदीतल्या गायिका, त्यांची मातृभाषा मराठी नव्हती. तरी त्यांचे उच्चार आजही कानाला कुठे अडखळत नाहीत. ‘त्यांना जमलं, तुम्हालाही जमेल. दोघांनी मिळून म्हणा,’ हे त्यामागचं कारण. यादीतलं मला सर्वात आवडलेलं कारणही हेच.

पहिल्या भांडणासाठी ‘ऋणानुबंधाच्या’ निवडलं. कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांनी गायलेलं हे पद ‘देव दीनाघरी धावला’ या बाळ कोल्हटकरांच्या नाटकातलं. नाटक कृष्ण-सुदाम्याच्या मैत्रीचं आहे, नवरा-बायकोचं नाही. नेमकं म्हणूनच ते इथे हवं होतं. रुसवा असताना प्रेमगीत लावलं तर ते मनधरणीसारखं वाटतं. जुन्या मैत्रीची आठवण त्या वेळी जास्त सहज ऐकून घेतली जाते.

अशी यादी चुकते ती बहुधा एकाच ठिकाणी. चाल गोड, मुखड्यात चंद्र आणि चांदणं, म्हणून गाणं निवडलं जातं. ‘तोच चंद्रमा’ हे उदाहरण घ्या. शांता शेळके यांनी एका संस्कृत श्लोकाच्या आधारे लिहिलेलं आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून गायलेलं हे गाणं अप्रतिमच आहे. पण त्याचा आशय असा, की रात्र तीच, माणसंही तीच, फक्त पूर्वीची ओढ उरलेली नाही. ‘भातुकलीच्या खेळामधली’ तर ताटातुटीचं गाणं आहे. लग्नाच्या संध्याकाळी ते हौसेने गायलेलं मी ऐकलं आहे, आणि दर वेळी मला नव्या जोडप्यासाठी वाईट वाटतं. ही चूक टाळायला एकच उपाय पुरतो. चाल बाजूला ठेवून सगळे अंतरे कागदावरून शेवटपर्यंत वाचायचे. शेवटच्या अंतऱ्यात दोघं एकत्र नसतील तर गाणं वगळायचं.

एक कामाची गोष्ट राहिली. या गाण्यांच्या नकला आणि नवी रूपं आता इतकी झाली आहेत, की नुसतं नाव शोधलं तर भलताच आवाज लागू शकतो. म्हणून चिठ्ठीत प्रत्येक गाण्यापुढे कवी, संगीतकार आणि गायक ही तिन्ही नावं न विसरता लिहा.