जिथे ओला, तिथेच तुटतो

कापड सुती आहे की रेयॉनचं, हे जाळून पाहून कळत नाही. दोन्ही भुरुभुरु जळतात आणि दोन्हींना जळक्या कागदाचा वास येतो, कारण दोन्ही मुळात सेल्युलोजच. फरक कळतो तो पाण्याने. कापडाच्या कडेचा वीतभर धागा उसवून घ्या (शिवणीचा दोरा नको, तो बहुतेकदा पॉलिएस्टरचा असतो). तो मधोमध ओला करा आणि दोन्ही टोकं धरून ताणा. रेयॉन ओल्या जागीच तुटतो, सुती धागा बहुधा कोरड्या भागात. साधा व्हिस्कोज रेयॉन भिजला की जवळपास निम्मी ताकद गमावतो; कापसाची ताकद उलट 10-20 टक्क्यांनी वाढते.

याचं मूळ कारखान्यात आहे. कल्याणजवळच्या शहाडला व्हिस्कोजचा धागा निघतो, तो लाकडाच्या लगद्यापासून. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून मुरवत ठेवतात. मुरताना सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटतात, आणि त्या मुद्दामच तोडलेल्या असतात. नाहीतर पुढे कार्बन डायसल्फाइड घालून केलेलं द्रावण इतकं घट्ट होईल की केसासारख्या बारीक छिद्रांतून ते दाबून बाहेर काढताच येणार नाही. छिद्रांतून निघालेली धार आम्लात पडते आणि तिथे तिचं पुन्हा सेल्युलोज होतं. पण कापसाच्या साखळीत ग्लुकोजचे हजारो दुवे असतात, तर इथे उरतात साधारण 300. शिवाय कापसाइतकी त्यांची नीट रचना होत नाही. बराचसा भाग विस्कळीतच राहतो.

कोरडेपणी या आखूड साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवतात हायड्रोजन बंध. पाणी नेमकं या विस्कळीत भागात शिरतं, ते बंध सोडवून स्वतःच त्यांच्या जागी बसतं. तंतू फुगतो आणि ताण आला की साखळ्या एकमेकींवरून घसरतात. लांब वाखांचा दोर ढिला झाला तरी टिकतो, आखूड तुकड्यांचा मात्र सुटून येतो, तसंच हे. कापसातही पाणी शिरतं, पण तिथे साखळ्या लांब असल्याने त्या सहज घसरत नाहीत. थोड्या सैल होऊन ताण आपसांत वाटून घेतात.

आता रेयॉनचा कुर्ता बादलीतून उचलून पिळा. कापड अगदी अशक्त असतं तेव्हाच त्याला सर्वात जास्त पीळ बसतो. वाळल्यावर तंतूची ताकद बरीचशी परत येते. पण शिवणीलगत सरकलेले धागे आणि ताणलेला गळा जागेवर येत नाहीत. ओला कुर्ता हँगरला लावला, तर त्यात साठलेल्या पाण्याच्या वजनानेच तो लांबतो. म्हणून हाताने दाबून पाणी काढावं, कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा दाबावं आणि आडवं पसरून वाळवावं. मशीनच लावायचं तर जाळीच्या पिशवीत घालून, कमी फेऱ्यांवर.

लेबलवर ‘मोडाल’ किंवा ‘लायोसेल’ असेल तर इतकं जपावं लागत नाही. तेही सेल्युलोजच, पण त्यांच्या साखळ्या जास्त लांब आणि जास्त शिस्तीत बसवलेल्या असतात.