छताच्या तड्यांबद्दल बिल्डरला पत्र

नव्या घराच्या छताला तडे गेल्यावर बिल्डरला लिहायच्या पत्रात ताबा मिळाल्याची तारीख आधी यावी. रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामातील दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यानंतर तडा कोणत्या खोलीत, किती लांब आणि कधी दिसला, हे लिहावे. फोटोत शेजारी मोजपट्टी धरावी. केसासारखी बारीक जाळी बहुधा प्लास्टरपुरतीच असते. सळईच्या रेषेत गेलेला, गंजाचे डाग दिसणारा तडा मात्र गंभीर समजावा. पुट्टीने तो झाकला जातो, सळईचे गंजणे थांबत नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी मागावी. तड्याचे कारण, दुरुस्तीची पद्धत आणि मुदत लेखी मागावी. पत्राची पोचपावती जपून ठेवावी.