‘एसी सर्व्हिसचे किती घेता?’

मार्च लागला की पुण्यात एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या फोनवर हा प्रश्न येऊ लागतो. बहुतेक वेळा रात्री, जेवणं आटोपल्यावर, व्हॉट्सअॅपवर. दिवसभर शिड्या चढून दमलेला कारागीर सकाळी उठून उत्तर धाडतो, ‘६०० रुपये’. पलीकडे निळ्या खुणा उमटतात आणि बोलणं तिथेच थांबतं. त्या घरचा एसी मात्र साफ व्हायचाच असतो. काम दुसरा कुणीतरी करून जातो. दोन-तीन कारागिरांच्या व्यवसायात सर्वांत जास्त गळती इथे होते असं माझं ठाम मत आहे. जाहिरातीचा खर्च वाढवण्याआधी ती बंद करायला हवी.

पहिली गोष्ट वेळेची. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये २०११ साली अमेरिकेतल्या कंपन्यांचा एक अभ्यास आला होता. ऑनलाइन चौकशी आल्यावर तासाभरात संपर्क साधणाऱ्या कंपन्यांची ग्राहकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, आणखी तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. आपल्याकडे तर माणूस एकाच वेळी तीन-चार ठिकाणी तोच मेसेज पाठवतो. ज्याचं उत्तर आधी येतं, त्याच्याशी बोलणं पुढे सरकतं.

यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप फुकट आहे. त्यात पहिल्या मेसेजला आपोआप जाणारं स्वागताचं उत्तर आणि कामाच्या वेळेबाहेर जाणारं वेगळं उत्तर लिहून ठेवता येतं. नंबर दुकानाचा असावा, कारागिराचा खासगी नको. तो काम सोडून गेला की सगळ्या चौकश्या त्याच्याबरोबर जातात. एकाच नंबरला चार जादा उपकरणं जोडता येतात, म्हणजे मालक आणि घरून फोन सांभाळणारी व्यक्ती दोघांनाही तेच बोलणं दिसतं.

चौकशी कुठून आली हेही सुरुवातीलाच कळायला हवं. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, पत्रकावर आणि एसीला चिकटवलेल्या स्टिकरवर वेगवेगळी लिंक किंवा तिचा क्यूआर कोड द्यावा. लिंक अशी असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=AC%20service%20-%20Notice%20board
```

९१ नंतर दहा आकडी नंबर. आधी अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही. ग्राहकाने ती उघडली की मेसेज आधीच लिहिलेला दिसतो, त्याने फक्त पाठवायचा. काही लोक तो मजकूर खोडून स्वतःचं लिहितात, त्यामुळे हिशेब तंतोतंत बसणार नाही. पण पत्रकांचे पैसे फुकट जाताहेत का, एवढं नक्की समजतं.

आता खरा प्रश्न, उत्तर काय द्यायचं. नुसता आकडा सांगितला तर ग्राहक तो दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघतो आणि गप्प बसतो. दर न सांगता ‘माणूस येऊन बघेल’ म्हटलं तर त्याला फसवणुकीची भीती वाटते. म्हणून दर सांगावा, त्यात काय येतं ते सांगावं आणि शेवटी एकच सोपा प्रश्न विचारावा. समजा, वारज्याहून रात्री सव्वानऊला मेसेज आला. उत्तर असं जाऊ शकतं: ‘नमस्कार. स्प्लिट एसीची जेट पंपने पूर्ण सर्व्हिस ६०० रुपये, आतलं आणि बाहेरचं युनिट दोन्ही धरून. बाहेरच्या युनिटचा एक फोटो पाठवता का? तिथे पोचायला काय लागेल ते बघून नक्की रक्कम सांगतो.’

हा फोटो फार मोलाचा. युनिट बाल्कनीत आहे की चौथ्या मजल्याच्या भिंतीला बाहेर टांगलेलं आहे, हे त्यात दिसतं. टांगलेलं असेल तर दुसरा माणूस आणि दोर लागतो, दर वाढतो, आणि ते आधी सांगितलं तर दारात वाद होत नाही. युनिटवरच्या पट्टीचा फोटो मिळाला तर गॅस आर-३२ आहे की जुना आर-२२ हेही कळतं. शिवाय फोटो काढायला उठलेला माणूस बहुधा काम करून घेणारच असतो.

एक मर्यादा मात्र पाळावी. ‘थंड होत नाही, गॅस भरायचे किती?’ असं कुणी विचारलं तर मेसेजवर गॅसचा दर ठरवून मोकळं होऊ नये. एसीतला गॅस वापरून संपत नाही; कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. कदाचित जाळी धुळीने भरली असेल आणि सर्व्हिसनेच भागेल. तपासणीची रक्कम सांगावी आणि कारण दोन ओळींत समजवावं. लोकांना ते पटतं.

ग्राहक गप्प झाला तर? ‘काय ठरलं?’ हा मेसेज कुणालाच आवडत नाही, कारण त्यात त्याच्या कामाचं काहीच नसतं. पाठपुराव्याच्या प्रत्येक मेसेजने एखादी अडचण दूर करावी. आपल्या वारज्याच्या ग्राहकाने फोटो पाठवला, रक्कम ऐकली आणि उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहावं: ‘उद्या आमचा माणूस वारज्यातच आहे. अकरा ते एक किंवा चार ते सहा, कोणती वेळ जमेल?’ त्यालाही उत्तर नाही, तर चौथ्या दिवशी शेवटचा मेसेज: ‘सध्या नको असेल तर हरकत नाही, तसं कळवलंत तर पुन्हा विचारणार नाही.’ या मेसेजला आश्चर्य वाटावं इतकी उत्तरं येतात, कारण ‘नाही’ म्हणायचा संकोच त्याने जातो. त्यानंतर थांबावं. सतत पाठवत राहिलं तर लोक नंबर ब्लॉक करतात आणि तक्रारी वाढल्या की व्हॉट्सअॅप खात्यावर कारवाई करू शकतं.

वेळ ठरली म्हणजे काम झालं असं नाही. निघण्याआधी कारागिराचं नाव आणि पोचायची वेळ कळवावी. सोसायटीच्या गेटवर अडकलेला माणूस पुढची दोन कामं उशिरा करतो.

हे सगळं डोक्यात ठेवणं अशक्य आहे, म्हणून अॅपमधली लेबलं वापरावीत. पाच पुरतात: नवी चौकशी, फोटो बाकी, दर सांगितला, वेळ ठरली, काम झालं. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक लेबलाखाली किती जण आहेत ते मोजावं. समजा आठवड्यात ३० चौकश्या आल्या आणि त्यातल्या १५ ‘फोटो बाकी’वरच अडकल्या, तर आपण फार काही मागतोय किंवा उशिरा मागतोय. गर्दी ‘दर सांगितला’खाली असेल तर दराचा मेसेज नीट वाचून बघावा, बहुतेकदा त्यात वेळ विचारायची राहिलेली असते. ‘वेळ ठरली’ आणि ‘काम झालं’ यांत फरक पडत असेल, तर दोष सकाळच्या निरोपाचा किंवा आपल्या वेळापत्रकाचा.

काम झाल्यावर त्याच संध्याकाळी बिल आणि आधी-नंतरचे फोटो पाठवावेत. आठवड्याने ‘पाणी गळत नाही ना?’ एवढं विचारावं, कारण निचऱ्याची नळी नीट साफ झाली नसेल तर ते काही दिवसांतच दिसतं. तेव्हाच विचारून घ्यावं, ‘पुढच्या फेब्रुवारीत आठवण करू का?’ ‘हो’ म्हणणाऱ्यांना आपला नंबर सेव्ह करायला सांगावं. ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो आणि एका यादीत २५६ जणच मावतात. पण माझ्या मते याद्या भागानुसार कराव्यात, एक वारज्याची, एक कोथरूडची. एका आठवड्यात एकाच भागाला आठवण गेली की कामंही त्याच भागात लागतात, आणि उन्हाळा तापायच्या आत एका दिवसात सहा घरं उरकता येतात.