मनाचे साक्षीदार व्हा, न्यायाधीश नव्हे

‘साक्षीदार’ हा शब्द आपल्याला न्यायालयामुळे परिचित आहे. त्याचे काम मर्यादित असते. जे पाहिले तेवढेच सांगायचे. दोषी कोण, हे ठरवणे न्यायाधीशाकडे सोपवायचे. साक्षीभाव म्हणजे स्वतःच्या मनाविषयी नेमकी हीच भूमिका घेणे. मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे. एक फळे चाखतो, दुसरा काही न खाता नुसता पाहतो. दोघे सोबतीच असतात, हे विशेष. काम करणारे मन आणि त्याला पाहणारी जाणीव अशीच एकत्र नांदतात. म्हणून या अभ्यासासाठी काम सोडून दूर कोठे बसावे लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. नागपुरातील मे महिना आहे, पारा पंचेचाळीस अंशांकडे निघाला आहे. आपण एका कार्यालयाच्या खिडकीवर काम करता. समोर रांग आहे आणि तेवढ्यात घरून आईचा फोन येतो : ‘अरे, बाबा सकाळपासून जेवत नाहीत, गोळीही घेतली नाही. माझ्यावरच चिडतात.’ फोन ठेवताच समोरचे गृहस्थ विचारतात, ‘साहेब, अजून किती वेळ?’ तुटक उत्तर ओठांवर येते.

येथे तीन गोष्टी कराव्यात. पहिली, दोन्ही तळपाय जमिनीला टेकल्याचे जाणवू द्यावे आणि एक श्वास सावकाश बाहेर सोडावा. श्वास रोखून धरू नये. दुसरी, शरीरात काय घडते आहे ते पाहावे : जबडा आवळला आहे, खांदे वर चढले आहेत, घसा कोरडा पडला आहे. तिसरी, मनात जे उठले त्याला साधे नाव द्यावे : ‘काळजी आली आहे. तिच्यामागून राग आला आहे.’ ‘मी रागीट आहे’ असे म्हणू नये. पहिले वाक्य साक्षीदाराचे, दुसरे न्यायाधीशाचे आहे. या साऱ्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

भावनेला नाव दिल्याने काय होते, याचा अभ्यास कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, चेहऱ्यावरील भावनेसाठी शब्द निवडताना मेंदूतील भीतीशी निगडित भागाची हालचाल कमी झालेली दिसली. राग त्यामुळे नाहीसा होत नाही. मात्र कृतीपूर्वी थोडी जागा मिळते.

त्या जागेत काय दिसते, ते महत्त्वाचे. आपल्या उदाहरणात राग समोरच्या गृहस्थांवर नव्हताच. तो घरच्या काळजीचा होता. घसा कोरडा होता, म्हणजे तहानही होती. आता कृती सुचते : ‘दहा मिनिटे लागतील, काका’ असे नीट सांगायचे, पाणी प्यायचे आणि आईला फोन करून बाबांना लघवी नेहमीइतकी होते का, ते पाणी पितात का, नेहमीसारखे बोलतात का, हे विचारायचे. ज्येष्ठ माणूस उन्हाळ्यात अचानक असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला किंवा अंग तापले, तर तो स्वभावाचा दोष नसून आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. साक्षीभाव कृतीला अडवत नाही. कोणती कृती करायची ते स्पष्ट करतो.

अभ्यास दोन ठिकाणी चुकतो. काही जण पाहता पाहता स्वतःलाच दटावू लागतात : ‘पुन्हा चिडलास ना!’ येथे साक्षीदार उठून न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला. तसे झाले की ‘दटावणे आले आहे’ एवढीच नोंद करावी. दुसरे काही जण भावना दाबतात आणि त्यालाच अलिप्तता समजतात. याची खूण सोपी आहे. दाबल्यास जबडा आवळलेलाच राहतो आणि दिवसभराचा राग संध्याकाळी घरच्यांवर निघतो. खरोखर पाहिले असेल, तर श्वास मोकळा होतो आणि समोरच्याचे बोलणे अधिक नीट ऐकू येते.

या अभ्यासाला मर्यादाही आहेत. छातीत दुखणे, धाप लागणे, हात किंवा जबड्याकडे कळ जाणे, हे ‘तटस्थपणे पाहत’ बसण्याचे विषय नव्हेत. झोप आणि भूक दोन आठवडे हरपली असेल, मन सतत उदास राहत असेल किंवा सारे जग परके, बधिर वाटू लागले असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

सुरुवातीला दिवसातून तीनच वेळा ठरवून पाहावे : कामाला बसताना, दुपारच्या जेवणाआधी आणि घराचे दार उघडण्यापूर्वी. तिसरी वेळ चुकवू नये. दाराबाहेरचे ते तीन श्वास आत वाट पाहणाऱ्या वृद्धाच्या वाट्याला येतात.