रॅमचा छापील वेग आणि रात्रभराची चाचणी

खोक्यावर 3200 छापलेली रॅम विकत घेतली, मशीन जोडून झालं, विंडोज चढलं, आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या रकान्यात वेग दिसला 2133. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय दुकानदारावर जातो. लॅमिंग्टन रोडवरून रॅम घेतलेली असो वा ऑनलाइन मागवलेली, या एका आकड्यावरून बरेच वाद होतात. खरं तर रॅम बरोबर असते आणि दुकानदारही. बायोसमधली एक सेटिंग चालू करायची राहिलेली असते, इतकंच.

रॅमच्या प्रत्येक स्टिकवर मेमरीच्या काळ्या चिप्सबरोबर एक अगदी छोटी चिप असते. स्टिक कोणत्या वेगाने, किती व्होल्टेजवर चालवायची याची माहिती तिच्यात लिहिलेली असते. मशीन चालू झालं की मदरबोर्ड आधी ती वाचतो. तिथे पहिली नोंद असते जेडेक या प्रमाणीकरण संस्थेने ठरवलेल्या सावध वेगाची. त्या वेगाला स्टिक कुठल्याही बोर्डवर चालावी, हा त्यामागचा हेतू. डीडीआर4च्या पुष्कळ स्टिक्सवर हा वेग 2133 किंवा 2400 असतो आणि व्होल्टेज 1.2. दुसरी नोंद स्टिक बनवणाऱ्या कंपनीची असते: हीच स्टिक 1.35 व्होल्ट दिले तर 3200ला चालते. या दुसऱ्या नोंदीचं नाव एक्सएमपी. इंटेलने ही पद्धत 2007 साली डीडीआर3च्या काळात आणली. एएमडीने डीडीआर5साठी 2022मध्ये एक्सपो नावाने स्वतःची पद्धत काढली. बोर्ड मात्र आपण होऊन पहिलीच नोंद उचलतो. दुसरी हवी असेल तर तसं त्याला सांगावं लागतं.

3200 म्हणजे सेकंदाला 320 कोटी वेळा डेटाची देवाणघेवाण. दोन स्टिक्स जोडीने चालत असतील तर 2133ला सेकंदाला साधारण 34 जीबी डेटा जाऊ शकतो आणि 3200ला 51 जीबी. वर्डमध्ये पत्र लिहिणाऱ्याला यातला फरक जाणवणार नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला आणि गेम खेळणाऱ्याला जाणवतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये तर आतल्या दळणवळणाचा वेगही रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे तो अधिकच जाणवतो.

चालू करण्याची कृती दोन मिनिटांची आहे. मशीन सुरू होताना `Del` किंवा `F2` दाबत राहिलं की बायोस उघडतं. बहुतेक बोर्डांवर पहिल्याच पानावर `XMP` असतं. एएमडीच्या बोर्डांवर काही कंपन्या त्याला `DOCP` किंवा `A-XMP` म्हणतात. तिथे `Profile 1` निवडायचं, `F10` दाबून सेव्ह करायचं आणि थांबायचं. यानंतर मशीन काही सेकंद काळ्या पडद्यावर राहील, एकदोनदा आपोआप बंद-चालूही होईल. बोर्ड नव्या वेगाशी जुळवून घेत असतो. डीडीआर5मध्ये हे काही मिनिटंही चालतं. घाबरून मधेच स्विच बंद करू नये. जुळलंच नाही, तर बहुतेक बोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःच जुन्या वेगावर परततात. तेही झालं नाही तर मशीनचा वीजपुरवठा काढून बोर्डवरचं नाण्याएवढं सेल काही मिनिटांसाठी काढून परत बसवलं की सेटिंग्ज मूळ पदावर येतात.

विंडोज उघडल्यावर खरोखर कोणता वेग लागू झाला आहे ते पॉवरशेलमध्ये असं पाहता येतं:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select DeviceLocator, ConfiguredClockSpeed
```

इथे 3200 दिसलं की बहुतेक लोक समाधानाने उठतात. माझा आग्रह आहे की इथे उठू नये. एक्सएमपी ही स्टिकपुरती दिलेली ग्वाही आहे. कंपनीने ती स्टिक, किंवा एका पाकिटातल्या दोन स्टिक्स, स्वतःच्या चाचणीत तपासलेल्या असतात. तुमचा प्रोसेसर, तुमचा बोर्ड, तुमच्या खोलीतली उष्णता यांपैकी काहीच त्या चाचणीत नव्हतं. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला हा वेग झेपेलच असं कोणीही लिहून दिलेलं नाही. इंटेल आणि एएमडी दोघेही, आपल्या प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग ओव्हरक्लॉकिंगमध्ये धरतात.

नागपुरात लग्नांचे अल्बम आणि व्हिडिओ करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या मशीनवर हे नीट पाहायला मिळालं. रायझन 5 3600, बी450 बोर्ड, 8 जीबीच्या दोन स्टिक्स, 3200चा एक्सएमपी. वर्षभर तक्रार नव्हती. काम वाढलं तशा त्याने त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन स्टिक्स घेतल्या. मशीन सुरू झालं, 3200 दिसलं, 32 जीबी दिसले. पुढच्या काही आठवड्यांत मात्र विचित्र गोष्टी घडू लागल्या. ग्राहकाला पाठवलेली झिप फाइल त्याच्याकडे उघडेना. एका फोटोत मधोमध करड्या रंगाचा पट्टा आला. निळा पडदा एकदाच आला, त्यावर `MEMORY_MANAGEMENT` लिहिलेलं होतं. त्याने हार्ड डिस्कवर संशय घेतला आणि विंडोज पुन्हा टाकलं. काही फरक पडला नाही.

रॅमची चूक ओळखायला कठीण जाते ती यामुळेच. घरगुती मशीनच्या साध्या रॅममध्ये चूक पकडणारी सोय नसते. एखादा बिट बदलला तर मशीन तो खरा मानून पुढे जातं आणि चुकीची फाइल निमूटपणे डिस्कवर लिहून टाकतं.

तपासायला मेमटेस्ट86 हे साधन आहे. त्याच्या संकेतस्थळावरून मोफत आवृत्ती उतरवायची, सोबतच्या `imageUSB` या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर टाकायची. त्या पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा तो रिकामा असावा. मग मशीन त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू करायचं. विंडोज चालू असताना रॅमचा बराच भाग विंडोजच्याच ताब्यात असतो. मेमटेस्ट विंडोजविना चालतो, त्यामुळे जवळपास सगळी रॅम त्याला तपासता येते. तो प्रत्येक ठिकाणी ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडतो. मोफत आवृत्तीत अशा चार फेऱ्या होतात. 32 जीबीला त्या पुऱ्या व्हायला रात्र सहज जाते. वीज जाणाऱ्या भागात मशीन यूपीएसवर असणं बरं, नाहीतर पहाटे चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

चाचणीचा पडदा ओळीने हिरवा दिसला तरी लवकर उठायचं नसतं. पहिली फेरी मुद्दाम छोटी ठेवलेली असते. या मशीनवर ती स्वच्छ गेली. चूक दुसऱ्या फेरीत आली आणि ओळ अशी होती: हवं होतं `FFFFFFFF`, मिळालं `FFFFFBFF`. संगणकाच्या भाषेत F म्हणजे 1111 आणि B म्हणजे 1011. बत्तीसपैकी फक्त एक बिट 1चा 0 झाला होता. फोटोतला तो पट्टा आणि न उघडणारी झिप फाइल यांच्या मुळाशी असल्याच चुका होत्या. इथे किती चुका चालतात असा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर शून्य आहे. रात्रभरात एक आली तरी ती सेटिंग ठेवायची नाही.

पुढचा शोध टप्प्याटप्प्याने घ्यावा लागतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या रात्री एक्सएमपी बंद करून चारही स्टिक्स 2133ला तपासल्या. चूक नाही. सावध वेगालाही चुका आल्या असत्या तर एकेक स्टिक लावून खराब कोणती ते शोधायचं आणि वॉरंटीत बदलून घ्यायची, एवढंच उरलं असतं. दुसऱ्या रात्री जुनी जोडी एकटी 3200ला, तिसऱ्या रात्री नवी जोडी एकटी 3200ला. दोन्ही स्वच्छ. म्हणजे स्टिक्स निर्दोष होत्या. चौघी एकत्र आल्या की कंट्रोलरवरचा भार वाढत होता आणि 3200 त्याला झेपत नव्हतं. एएमडीच्या कागदपत्रांतही तेच आहे: या पिढीच्या प्रोसेसरला अशा दोन स्टिक्स असतील तर 3200, चार असतील तर 2933. म्हणून एक्सएमपी चालूच ठेवून फक्त वेगाचा आकडा 2933 केला. व्होल्टेज 1.35च राहिलं. त्या रात्री चारही फेऱ्या शून्य चुकांनी पार पडल्या. 3200 ते 2933 हा वेगातला फरक आठ टक्क्यांच्या आसपासचा, आणि अल्बमच्या कामात तो जाणवलाही नाही.

व्होल्टेज वाढवून 3200 टिकवायचा मोह होतो. थोडं वाढवून काम भागतंही, पण मोघमपणे वाढवत जाणं धोक्याचं आहे. 2023मध्ये रायझन 7000 मालिकेतले काही प्रोसेसर जळाले, तेव्हा एक्सपो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत असल्याचं दिसलं. मग एएमडीने बायोसमधूनच त्यावर 1.3 व्होल्टची मर्यादा घातली. नव्या मशीनवर प्रोफाइल चालू करण्याआधी बोर्डच्या कंपनीकडचं ताजं बायोस टाकून घ्यावं, ते यासाठी.

मेमटेस्टची एक मर्यादा आहे. तो चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंडच असतं. प्रत्यक्ष कामात ते तापतं आणि त्याची गरम हवा थेट रॅमवर जाते. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णतेत तो जास्त वेगाने गळतो. डिसेंबरात उत्तीर्ण झालेलं मशीन नागपूरच्या मे महिन्यात, एसी बंद असताना चुकू शकतं. म्हणून रात्रीच्या चाचणीनंतर एक दिवस विंडोजमध्येच, व्हिडिओ रेंडर चालू ठेवून, टेस्टमेम5सारख्या प्रोग्रामने दुसरी चाचणी घ्यावी. ती शक्यतो दुपारी घ्यावी आणि कॅबिनेटचं झाकण नेहमीसारखं बंद ठेवावं. नवी स्टिक घातली की हे सगळं पुन्हा करायचं. बायोस अपडेट केलं तरीही, कारण अपडेटनंतर प्रोफाइल बहुधा बंद होतं आणि वेग गुपचूप 2133वर जातो.

चाचणी उत्तीर्ण झाल्यावरही त्या मशीनवर एक काम उरलं होतं, आणि ते सगळ्यांत किचकट ठरलं. चारही स्टिक्स 3200ला चालत होत्या त्या आठवड्यांत लिहिली गेलेली प्रत्येक फाइल संशयित होती. बॅकअपच्या डिस्कवर गेलेल्या प्रतीही त्याच रॅममधून गेल्या होत्या. ज्या लग्नांची मेमरी कार्डं अजून पुसलेली नव्हती, त्यांचे फोटो कार्डावरून पुन्हा उतरवून डिस्कवरच्या प्रतींशी ताडले. बाकीचे एकेक करून उघडून पाहावे लागले.