विमान दुसरीकडे उतरलं, आता पुढे काय?

१४ जानेवारी २०२४च्या रात्री गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान दिल्लीतल्या धुक्यामुळे मुंबईत उतरवावं लागलं. मुळात ते गोव्यातूनच कित्येक तास उशिरा सुटलं होतं. मुंबईत शिडी लागताच वैतागलेले प्रवासी खाली आले आणि विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड केला. विमानं उभी राहतात त्या भागात प्रवाशांना मोकळं सोडणं धोक्याचंच, त्यामुळे दंड योग्य होता. पण त्या रात्रीच्या वैतागाचं मूळ, पुढे काय होणार हे प्रवाशांना कळत नाही, यात असतं.

विमान वळवणं हे ऐनवेळी सुचलेलं काम नसतं. उड्डाणाआधीच्या आराखड्यात पर्यायी विमानतळ ठरलेला असतो. तिथपर्यंत जाऊन वर साधारण अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं इंधन टाकीत असावंच लागतं. दिल्लीत धुकं असलं की जयपूर, लखनौ, अमृतसर, अहमदाबाद असे विमानतळ एकदम गजबजतात. एकाच तासात अनेक विमानं येतात, पण शिड्या, बस आणि इंधनाचे टँकर तेवढेच असतात. म्हणून तुमचं विमान टर्मिनलपासून लांबच्या जागेवर उभं केलं जातं आणि तुम्हाला आतच बसवून ठेवतात.

समजा, पुण्याहून दिल्लीला निघालेलं रात्रीचं विमान जयपूरला उतरलं. बहुतेक वेळा बेत असा असतो की इंधन भरायचं, दिल्लीचं हवामान पाहायचं, नवा आराखडा द्यायचा आणि हवाई नियंत्रणाकडून वेळ मिळाली की निघायचं. अशा वेळी दार उघडत नाहीत, कारण निघायची वेळ मिळाल्यावर पुन्हा सगळ्यांना गोळा करण्यात ती हातची जाऊ शकते. धुकं मात्र पहाटेच्या सुमाराला सर्वांत दाट असतं आणि बरेचदा ऊन वर आल्यावरच विरतं. त्यामुळे पहाटे तीनला 'अर्ध्या तासात निघू' असं कुणी म्हणालं, तरी त्यावर फार विसंबू नये.

दुसरी अडचण वैमानिकांच्या कामाच्या वेळेची. त्यांना किती तास काम करता येईल याला मर्यादा आहे, आणि ती संपली की हवामान सुधारूनही विमान हलत नाही. दुसरे वैमानिक कुठून तरी यावे लागतात. म्हणून कर्मचाऱ्यांना 'कधी निघणार?' असं विचारण्याऐवजी 'याच वैमानिकांसह पुढे जाणार की फ्लाइट इथेच संपणार?' असं विचारावं. या उत्तरावर तुमचं पुढचं सगळं ठरतं.

पुढे जाणार असेल, तर बसून राहणं बरं. 'मी इथेच उतरतो' असं म्हणणं दिसतं तितकं सोपं नाही. तुमची चेक-इन बॅग पोटात असेल तर सुरक्षेच्या नियमानुसार ती शोधून काढावी लागते, केबिनमधलं सामान कुणाचं याची पुन्हा खात्री करावी लागते, आणि त्या सगळ्यात विमान आणखी खोळंबतं. शिवाय स्वतःहून उतरलात की पुढच्या प्रवासाची जबाबदारी बहुधा कंपनीवर उरत नाही. जयपूरहून दिल्ली रस्त्याने साधारण पावणेतीनशे किलोमीटर आहे आणि विमान ज्या धुक्यामुळे अडलं, ते दिल्लीजवळच्या महामार्गावरही असू शकतं. रात्री टॅक्सी करून निघण्याआधी याचा जरूर विचार करा.

फ्लाइट तिथेच संपली, तर सामान पट्ट्यावर येतं आणि कंपनी पुढच्या विमानात जागा देते किंवा अंतर कमी असेल तर बस करते. अशा वेळी नुसत्या आश्वासनावर काउंटर सोडू नये. नवं बुकिंग मेसेजवर किंवा ॲपमध्ये आलेलं पाहावं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर डीजीसीएच्या नियमांप्रमाणे पर्यायी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा मागता येतो. धुक्यासारख्या कारणासाठी नुकसानभरपाई मिळत नाही. चहा-नाश्ता, जेवण मात्र हक्काने मागा, कारण ती सोय भरपाईहून वेगळी आहे.

सर्वांत मोठा फटका बसतो तो पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर काढणाऱ्यांना. पुणे–दिल्ली–लंडन हा प्रवास एकाच पीएनआरवर असेल, तर चुकलेल्या लंडनच्या विमानाची सोय लावणं कंपनीचं काम. दोन स्वतंत्र तिकिटं असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त वेळेत न आलेले प्रवासी असता. हिवाळ्यात दिल्लीमार्गे परदेशी जाणाऱ्यांनी म्हणूनच एकच तिकीट काढावं, नाहीतर दिल्लीला आदल्या दिवशी पोहोचावं.

बोर्डिंग पास, कंपनीचे मेसेज आणि स्वतः केलेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, आणि तिथे हेच कागद लागतात.