फोटोतल्या पानाची झोपतानाची गोष्ट कशी करावी?

नातवाच्या हातात चित्रपुस्तक आणि गावी आजीच्या मोबाइलवर त्याच पानाचा फोटो. रात्री फोनवरून चार वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगताना छापील ओळ जशीच्या तशी वाचून चालत नाही. मग काय करावे?

आधी फोटो तपासा
पुस्तकाच्या शिवणीजवळचे शब्द कापले गेले असतील किंवा चकाकीत पुसट झाले असतील, तर अंदाजाने भर न घालता फोटो पुन्हा मागवावा.

वाक्य सुटे करा
समजा, पानावर आहे : ‘अरण्यात राहणारा गजराज तृषार्त होऊन सरोवराकाठी आला, परंतु सरोवर कोरडे होते.’ एकाच वाक्यात चार गोष्टी आहेत. त्या एकेक करून सांगाव्यात : ‘एक हत्ती होता. तो जंगलात राहायचा. त्याला खूप तहान लागली. मग हत्ती तळ्यावर गेला. बघतो तर काय, तळ्यात पाणीच नाही!’

जड शब्द बदलले, पण कोरडे तळे वगळले नाही. पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. हत्तीचा रंग सांगत बसायला नको. तो मुलाला चित्रात दिसतोच.

कळले का, हे कसे ओळखाल?
मुलाने मध्येच ‘कोण गेला?’ असे विचारले, तर ‘तो’ म्हणजे कोण हे निसटले आहे. पुन्हा ‘हत्ती’ म्हणावे. पुस्तकात वारंवार येणारी ओळ मात्र दर वेळी तशीच ठेवावी. मुले ती पाठ करतात आणि एक शब्द बदलला तरी अडवतात.